रद्द केलेल्या मँडेटवर हप्ता कापला गेला, तर बँकेला पत्र कसे लिहावे?

प्रश्न : कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माझे हळद दळण्याचे युनिट आहे. पल्व्हरायझरसाठी एका फायनान्स कंपनीकडून घेतलेले कर्ज १५ मे २०२५ रोजी पूर्ण फेडून नो ड्यूज दाखला घेतला आणि २० मे रोजी माझ्या बँकेत, हप्ता खात्यातून आपोआप कापण्यासाठी दिलेले नॅच मँडेट रद्द करण्याचा अर्ज देऊन शिक्क्यासह पोच घेतली. तरीही ५ जूनला कॅश क्रेडिट खात्यातून ४८,२०० रुपयांचा हप्ता कापला गेला आणि ६ जूनला मार्केट यार्डातल्या अडत्याला दिलेला १,३५,००० रुपयांचा चेक परत गेला. ९ जूनला शाखेत सांगितले, तर "पैसे फायनान्स कंपनीने घेतले, त्यांच्याकडेच मागा" असे उत्तर मिळाले. बँकेला पत्र द्यायचे आहे. त्यात पंधरा दिवसांची मुदत घालावी का, आणि नेमके काय लिहावे?
– एक लघुउद्योजक, कुपवाड (जि. सांगली)

उत्तर :

पंधरा दिवसांची मुदत घालू नका. या प्रकारच्या व्यवहारासाठी मुदत आधीच ठरलेली आहे आणि आपल्या बाबतीत ती ६ जूनलाच संपली. आपण होऊन पंधरा दिवस दिलेत, तर शाखा ते पंधरा दिवस निश्चिंतपणे वापरील आणि पुढे भरपाईचा विषय निघाला की "ग्राहकानेच मुदत दिली होती" हा मुद्दा आपल्याच पत्रातून काढून दाखवील.

रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी एक परिपत्रक काढले आणि ते त्याच वर्षी १५ ऑक्टोबरपासून लागू झाले. एटीएम, आयएमपीएस, यूपीआय, नॅच अशा निरनिराळ्या मार्गांनी झालेल्या फसलेल्या व्यवहारांत पैसे किती दिवसांत परत आले पाहिजेत आणि न आल्यास ग्राहकाला किती भरपाई मिळाली पाहिजे, हे त्यात मार्गनिहाय सांगितले आहे. नॅचच्या भागात एक नोंद थेट आपल्या प्रकरणाची आहे. ग्राहकाने बँकेकडे मँडेट रद्द केल्यानंतरही खात्यातून रक्कम वजा झाली, तर त्या वजावटीला ग्राहकाची स्वतःची बँक जबाबदार राहील, आणि प्रकरण व्यवहाराच्या दिवसानंतर एका दिवसात निकाली निघाले पाहिजे. त्याहून उशीर झाल्यास प्रत्येक दिवसाला १०० रुपये ग्राहकाला द्यावयाचे आहेत. हे दिवस कॅलेंडरचे मोजायचे असल्यामुळे शनिवार, रविवार किंवा सणाची सुटी त्यातून वगळली जात नाही. बँकिंगच्या भाषेत व्यवहाराचा दिवस म्हणजे "टी". आपला टी ५ जून, म्हणून टी अधिक एक म्हणजे ६ जून, आणि उशिराचे दिवस ७ जूनपासून सुरू होतात.

शाखाधिकाऱ्यांनी आपल्याला दिलेले उत्तर म्हणूनच या ठिकाणी लागू पडत नाही. रक्कम फायनान्स कंपनीच्या खात्यात गेली हे खरे आहे आणि ती तिथून वसूल व्हायला हवी हेही खरे आहे. पण ती वसूल करण्याचे काम त्या कंपनीच्या बँकेशी संपर्क साधून आपल्या बँकेने करायचे आहे. तोवर आपले खाते पूर्ववत करणे थांबत नाही. आपली बँक नागरी सहकारी बँक असेल, तर आणखी एक उत्तर कानावर येण्याची शक्यता आहे. अनेक लहान सहकारी बँका नॅचमध्ये थेट सहभागी नसतात, तर एखाद्या मोठ्या बँकेमार्फत उपसदस्य म्हणून येतात. त्यामुळे "आमच्या प्रायोजक बँकेकडून चूक झाली आहे, त्यांचे उत्तर यायचे आहे" असे सांगितले जाते. ते वस्तुस्थितीला धरून असेलही, पण परिपत्रक नागरी सहकारी बँकांनाही उद्देशून आहे आणि ग्राहकापुरती जबाबदारी ज्या बँकेत त्याचे खाते आहे तिचीच राहते.

हे सगळे एकाच गोष्टीवर उभे आहे: मँडेट ५ जूनच्या आधी आपल्या बँकेकडे रद्द झाले होते का? कर्ज फिटल्याचा दाखला या प्रश्नाचे उत्तर देत नाही. कर्ज संपले तरी मँडेट आपोआप संपत नाही. ते बँकेच्या नोंदीत जिवंत असेल आणि फायनान्स कंपनीने हप्ता मागितला, तर बँकेने तो देणे यात बँकेची चूक नसते, कारण कर्ज फिटले की नाही हे तिला कळण्याचा मार्ग नाही. तशा प्रकरणात चूक कंपनीची असते, परतावा तिच्याकडेच मागावा लागतो आणि वर सांगितलेली एका दिवसाची मुदतही लागू होत नाही. आपल्याला शाखेत जे सांगण्यात आले ते बहुधा या दुसऱ्या प्रकारचे समजून सांगितले गेले. म्हणून पत्राचा भर नो ड्यूज दाखल्यावर न ठेवता २० मेच्या अर्जावर आणि त्यावरील शिक्क्यावर ठेवा. नो ड्यूज दाखला जोडायचा, पण पुरवणी म्हणून.

पत्र लिहायला बसण्यापूर्वी एक काम अवश्य करा. प्रत्येक नॅच मँडेटला एक यूएमआरएन असतो. अक्षरे आणि अंक मिळून २० जागांचा तो क्रमांक म्हणजे त्या मँडेटची ओळख. आपल्या २० मेच्या अर्जात लिहिलेला यूएमआरएन आणि ५ जूनच्या व्यवहाराचा यूएमआरएन शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहा. खातेउताऱ्यातल्या तपशिलाच्या रकान्यात तो कधी पूर्ण छापलेला असतो, कधी अर्धा, तर कधी तिथे फक्त कंपनीचे नाव आणि एखादा संदर्भ क्रमांक असतो. तसे असल्यास शाखेकडून तो लेखी मागून घ्या. या ताळ्यावरून बिघाड कुठे झाला हे कळते.

दोन्ही क्रमांक सारखे निघाले, तर अर्ज शाखेत पोहोचला, शिक्का बसला, पण पुढे प्रणालीत रद्दबातल नोंद झालीच नाही, असा अर्थ होतो. माझ्या पाहण्यात हा प्रकार सर्वाधिक येतो: अर्ज टेबलावरच्या फाइलीत नीट लावलेला असतो आणि संगणकात मँडेट तसेच चालू असते. काही वेळा कर्मचारी मँडेट रद्द करण्याऐवजी फक्त एका हप्त्याला "स्टॉप पेमेंट" लावतात, आणि त्या हप्त्यानंतरचा पुढचा हप्ता बिनबोभाट निघून जातो. या दोन्ही प्रसंगी बँकेची जबाबदारी स्पष्ट आहे.

क्रमांक वेगळे निघाले, तर मात्र जरा थांबा. कर्जाच्या मधल्या काळात खाते, हप्त्याची तारीख किंवा रक्कम बदलली असेल, तर फायनान्स कंपनीने आपल्याकडून नवे मँडेट घेतलेले असते आणि जुने रद्द न करता तसेच ठेवलेले असते. आपण त्यांपैकी एक रद्द केले आणि हप्ता दुसऱ्यावर कापला गेला, असे असेल तर बँक "या क्रमांकाचे मँडेट रद्द करण्याची सूचना आम्हांला मिळालीच नव्हती" असे म्हणेल आणि ते चुकीचे ठरणार नाही. अशा वेळी आपल्या अर्जात "अमुक कर्ज खात्यासंबंधीची सर्व मँडेटे" असे शब्द आहेत का ते पाहा. असतील तर आपली बाजू टिकते. नसतील तर दुसरे मँडेट आजच रद्द करा, नाहीतर ५ जुलैला पुन्हा हेच होईल, आणि या हप्त्याचा परतावा फायनान्स कंपनीकडे मागा. तिसरी शक्यता अशी की दुसऱ्या मँडेटवर आपली सही कधी झालेलीच नाही. तसे आढळल्यास प्रकरण अनधिकृत व्यवहाराचे होते, आणि त्याला रिझर्व्ह बँकेचे २०१७ सालचे वेगळे नियम लागतात. तिथे बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार करण्याला फार महत्त्व असल्यामुळे एक दिवसही दवडू नका.

आपण पाठवलेल्या प्रतींवरून दोन्ही क्रमांक सारखेच दिसतात, म्हणून पुढचा मजकूर त्या आधारावर देत आहे. पत्र फर्मच्या लेटरहेडवर असावे आणि खाते चालविण्याचा अधिकार ज्यांना बँकेत नोंदवून दिला आहे त्यांचीच सही त्यावर असावी. प्रोप्रायटरी फर्म असेल तर आपली स्वतःची, भागीदारी असेल तर खात्याच्या कामकाजाप्रमाणे एका किंवा दोन्ही भागीदारांची, आणि खाली फर्मचा शिक्का. दिवाणजींच्या सहीने दिलेले पत्र बँक घेते, पण उत्तर देताना "अधिकृत व्यक्तीचे पत्र नाही" असे म्हणायला तिला वाव राहतो.

मजकूर असा असावा :

दिनांक : १७ जून २०२५

प्रति,
मा. शाखाधिकारी,
(बँकेचे नाव), (शाखा), सांगली

विषय : रद्द केलेल्या नॅच मँडेटवर दि. ५ जून २०२५ रोजी आमच्या कॅश क्रेडिट खात्यास चुकीने नावे टाकलेली रु. ४८,२००/- ची रक्कम त्याच तारखेच्या मूल्यदिनांकाने परत जमा करणेबाबत.

महोदय,

आमच्या फर्मचे आपल्या शाखेत कॅश क्रेडिट खाते क्र. (पूर्ण क्रमांक) आहे. (फायनान्स कंपनीचे नाव) यांच्या कर्ज खाते क्र. (क्रमांक) साठी दिलेले नॅच मँडेट, यूएमआरएन (पूर्ण क्रमांक), रद्द करण्याचा अर्ज आम्ही दि. २० मे २०२५ रोजी आपल्या शाखेत सादर केला असून त्याची शिक्क्यासह पोच सोबत जोडली आहे.

असे असूनही दि. ५ जून २०२५ रोजी त्याच यूएमआरएनवर आमच्या खात्यास रु. ४८,२००/- नावे टाकण्यात आले. उताऱ्यातील या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक (क्रमांक) असा आहे. या नोंदीपूर्वी खात्यात रु. १,६०,०००/- इतकी उचल शिल्लक होती. नोंदीनंतर ती रु. १,११,८००/- इतकी राहिली. परिणामी दि. ६ जून २०२५ रोजी वटण्यासाठी आलेला आमचा चेक क्र. (क्रमांक), रक्कम रु. १,३५,०००/-, अपुऱ्या शिलकीच्या कारणाने परत गेला आणि त्यापोटी करासह रु. ५९०/- आमच्या खात्यास नावे टाकण्यात आले. दि. ५ व ६ जून या दोन दिवसांत खात्यावर अन्य कोणताही व्यवहार झालेला नाही.

रिझर्व्ह बँकेच्या दि. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, मँडेट रद्द केल्यानंतर झालेल्या वजावटीस ग्राहकाची बँक जबाबदार असून तिचे निराकरण व्यवहाराच्या दिवसानंतर एका दिवसात होणे आवश्यक आहे. ही मुदत दि. ६ जून २०२५ रोजी संपलेली आहे. दि. ९ जून २०२५ रोजी आम्ही ही बाब शाखेत प्रत्यक्ष भेटून सांगितली होती.

तरी विनंती की,
रु. ४८,२००/- ही रक्कम दि. ५ जून २०२५ या मूल्यदिनांकाने आमच्या खात्यात जमा करावी;
चेक परतीपोटी आकारलेले रु. ५९०/- परत जमा करावेत;
दि. ७ जून २०२५ पासून रक्कम प्रत्यक्ष जमा होईपर्यंत प्रतिदिन रु. १००/- प्रमाणे भरपाई जमा करावी;
सदर मँडेट आपल्या प्रणालीत कोणत्या तारखेस रद्द झाले, अथवा अद्याप झालेले नाही, हे लेखी कळवावे; आणि ते चालू असल्यास तत्काळ रद्द करून तसे पत्र द्यावे;
तसेच चेक परत जाण्याचे कारण बँकेच्या नोंदीतील चूक हे होते, असे पत्र आम्हांस द्यावे.

सदर रक्कम फायनान्स कंपनीकडून आम्हांस परस्पर मिळाल्यास आम्ही ते आपणांस तत्काळ कळवू. या पत्राची प्रत आपल्या बँकेच्या तक्रार निवारण विभागास पाठवीत आहोत. कृपया तक्रार क्रमांक द्यावा.

आपला विश्वासू,
(सही, नाव, हुद्दा, फर्मचा शिक्का)

सोबत : मँडेट रद्द करण्याच्या अर्जाची पोच, १ ते १० जूनचा खातेउतारा, चेक परतीचा मेमो, नो ड्यूज दाखला – सर्व छायांकित प्रती.

आता या मजकुरातल्या काही शब्दांविषयी, कारण ते नुसते शोभेसाठी घातलेले नाहीत.

सर्वांत महत्त्वाचा शब्द "मूल्यदिनांक", ज्याला शाखेत सगळे व्हॅल्यू डेट म्हणतात. बचत खात्याचा ग्राहक "पैसे परत आले" एवढ्यावर समाधान मानू शकतो. कॅश क्रेडिटचे तसे नाही. या खात्यावर व्याज रोजच्या उचलीवर मोजले जाते आणि महिनाअखेर लावले जाते. बँकेने ४८,२०० रुपये १८ जूनला त्याच दिवसाच्या तारखेने जमा केले, तर ५ ते १८ जून या तेरा दिवसांचे व्याज आपल्याच अंगावर राहते. आपला व्याजदर ११ टक्के धरला तर हे रोजचे साधारण साडेचौदा रुपये, म्हणजे तेरा दिवसांचे सुमारे १८९ रुपये होतात. रक्कम छोटी आहे हे मान्य, पण ती मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही, कारण आपण न केलेल्या उचलीवरचे ते व्याज आहे. शिवाय जमा ५ जूनच्या मूल्यदिनांकाने आणि महिनाअखेरीच्या आत पडली, तर संगणक जूनचे व्याज आपोआप बरोबर काढतो आणि कोणाला वेगळा हिशेब करावा लागत नाही. ३० जून उलटून गेला तर जूनचे व्याज लागून गेलेले असेल. मग जादा व्याजाचा परतावा स्वतंत्रपणे मागावा लागेल आणि त्यासाठी शाखेला पुन्हा वरिष्ठ कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागू शकते. शाखाधिकाऱ्यांना ही महिनाअखेरीची अडचण तोंडी सांगून पाहा. नियमाच्या हवाल्यापेक्षा ती त्यांना लवकर पटते असा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट उचल शिलकीच्या आकड्यांची. चेक परत गेला तो या वजावटीमुळेच, हे बँकेला आपण सांगून पटणार नाही. ते आकड्यांत दिसले पाहिजे. १,६०,००० मधून १,३५,००० चा चेक सहज वटला असता आणि १,११,८०० मधून तो वटणे शक्य नव्हते, एवढे दोन आकडे शेजारी आले की वादाला जागा उरत नाही. यात एक खाचखळगा आहे. कॅश क्रेडिटमध्ये मंजूर मर्यादा आणि स्टॉकच्या किमतीवरून ठरणारी ड्रॉइंग पॉवर हे वेगवेगळे असतात, आणि खात्यातून प्रत्यक्षात किती रक्कम काढता येते हे त्या दोहोंपैकी कमी आकड्यावर ठरते. हळदीच्या हंगामात स्टॉक स्टेटमेंट वेळेवर गेले नसेल, तर मर्यादा मोठी असूनही ड्रॉइंग पॉवर खाली आलेली असते. तेव्हा १,६०,००० हा आकडा मंजूर मर्यादेवरून काढला आहे की ५ जूनला प्रणालीत असलेल्या ड्रॉइंग पॉवरवरून, हे पत्र देण्यापूर्वी शाखेतून खात्री करून घ्या. आकडा चुकीचा निघाला, तर चेकबाबतची मागणी कोसळेल आणि तिच्याबरोबर बाकीच्या पत्राकडेही संशयाने पाहिले जाईल. ५ आणि ६ जूनला दुसरा कोणताही व्यवहार झाला नाही, हे वाक्यही उतारा पाहूनच ठेवा किंवा काढा.

प्रतिदिन १०० रुपयांची भरपाई परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाच्या मागणीची वाट न पाहता बँकेने आपण होऊन जमा करायची असते. प्रत्यक्षात ती न मागता मिळाल्याची उदाहरणे मी फारशी पाहिलेली नाहीत, म्हणून ती पत्रात लिहिली. रक्कम १८ जूनला जमा झाली तर ७ ते १८ जून अशा बारा दिवसांचे १,२०० रुपये होतील. चेक परतीचे ५९० रुपये आणि जादा व्याज मात्र या शंभर रुपयांच्या नियमातून येत नाहीत. त्यांचा आधार बँकेचे स्वतःचे भरपाई धोरण हा आहे. बहुतेक बँकांचे असे धोरण संचालक मंडळाने मंजूर केलेले असते आणि संकेतस्थळावर ठेवलेले असते. चुकीने नावे टाकलेली रक्कम मूल्यदिनांकासह परत करणे आणि त्यामुळे झालेला चेक परतीचा किंवा व्याजाचा भुर्दंड भरून देणे यांविषयी त्यात कलम असते. ते काढून वाचा आणि सापडल्यास पत्रात त्याचा एका ओळीत उल्लेख करा. मनस्ताप, बाजारातली पत गेली वगैरे मजकूर मात्र या पत्रात घालू नका. तो खोटा आहे म्हणून नव्हे, तर शाखेच्या अधिकारात नसलेली मागणी पत्रात आली की सगळे पत्रच "वरिष्ठ कार्यालयाकडे मार्गदर्शनासाठी" रवाना होते आणि जे काम शाखेत एका व्हाउचरने झाले असते ते अडकून पडते.

अडत्याच्या चेकबाबत बँकेच्या उत्तराची वाट पाहू नका; ही गोष्ट मला सर्वांत तातडीची वाटते. अपुऱ्या शिलकीमुळे चेक परत गेला की परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली ज्याला चेक दिला त्याला लेखी नोटीस देता येते. चेक परत गेल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत त्याने ती द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत आपण रक्कम द्यावी लागते. चूक बँकेची होती हा आपला बचाव पुढे टिकेलही, पण त्यासाठी कोर्टाची पायरी कशाला चढायची? १,३५,००० रुपये आजच एनईएफटीने द्या, परत गेलेला मूळ चेक मागून घ्या आणि रक्कम मिळाल्याचे अडत्याकडून एका ओळीत लिहून घ्या. मार्केट यार्डातला व्यवहार विश्वासावर चालतो आणि अडत्या नोटीस देणार नाही, असे आपण म्हणाल. बहुधा देणारही नाही. तरी मूळ चेक त्याच्या गल्ल्यात राहू देऊ नये. पत्रातली शेवटची मागणी, म्हणजे चेक बँकेच्या चुकीमुळे परत गेल्याचे पत्र, याच कारणासाठी आहे. ते मिळाले की त्याची प्रत अडत्यालाही द्या.

पत्र दोन प्रतींत न्या. आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. नुसता गोल शिक्का मारून तारीख न घालता प्रत परत देण्याची पद्धत काही शाखांत आहे, ती चालवून घेऊ नका, कारण पुढचे सगळे दिवस या तारखेपासून मोजले जाणार आहेत. त्याच दिवशी पत्राची स्कॅन प्रत बँकेच्या तक्रार निवारणाच्या ईमेलवर पाठवून तक्रार क्रमांक मिळवा. आपण ९ जूनला तोंडी सांगितलेत त्याचा उल्लेख पत्रात आहे, पण तोंडी तक्रारीवरून कोणतीही मुदत सुरू झाली असे धरून चालू नका.

बँकेने तक्रार फेटाळली, अर्धीच मान्य केली आणि आपले त्याने समाधान झाले नाही, किंवा तक्रार मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तरच दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर विनाशुल्क तक्रार करता येते. पत्र १७ जूनला दिले, तर उत्तराअभावी हा मार्ग १७ जुलैनंतर मोकळा होतो. त्याआधी केलेली तक्रार "आधी बँकेकडे जा" म्हणून बंद केली जाते. व्यवसायाचे खाते आहे म्हणून लोकपालाकडे जाता येत नाही, असा एक समज आपल्याकडच्या व्यापाऱ्यांत आहे, तो खरा नाही. बँक फारच लहान सहकारी बँक असून लोकपाल योजनेच्या कक्षेत येत नसेल, तरी तक्रार याच संकेतस्थळावर करावी; ती रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक शिक्षण व संरक्षण कक्षाकडे जाते. तिथे जोडण्यासाठी लागणारी कागदपत्रे म्हणजे आपल्या या पत्राची पोच, मँडेट रद्द केल्याची पोच आणि उतारा. वेगळा पुरावा जमवावा लागत नाही.

फायनान्स कंपनीला एक छोटा ईमेल आजच करून ठेवा. त्यात कर्ज खाते १५ मे रोजी बंद झाल्याचे, ५ जूनला हप्ता घेतला गेल्याचे, आणि आपण आपल्या बँकेकडे तक्रार केल्याचे लिहा. यापुढे या खात्यावर मागणी पाठवू नये अशी सूचना द्या. परताव्याची मागणी करायची की नाही, याबद्दल माझे मत असे की बँकेकडे मागणी चालू असताना कंपनीकडे तीच रक्कम मागू नये. बंद कर्ज खात्यात आलेली जादा रक्कम कंपन्या काही दिवसांनी आपण होऊन परत पाठवतात, आणि तोवर बँकेनेही जमा दिलेली असेल तर आपल्या खात्यात ४८,२०० रुपये दोनदा येतात. तसे झाले तर दुसऱ्यांदा आलेली रक्कम खेळत्या भांडवलात मिसळू देऊ नका. पत्रात लिहून दिल्याप्रमाणे त्याच दिवशी शाखेला लेखी कळवा, आणि बँकेने ती परत घेतल्यास त्या नोंदीचा मूल्यदिनांक कंपनीकडून रक्कम जमा झाल्याच्या तारखेचा आहे, ५ जूनचा नाही, हे उताऱ्यात पाहून घ्या.